बरोबर उत्तर, चुकीचा नियम : दशांशांच्या एका तासावरून वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद

बी.एड.च्या अध्ययनविषयक पेपरात "वर्तनवाद व ज्ञानरचनावाद यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा" हा प्रश्न नेहमीचा. बहुतेक उत्तरपत्रिकांत दोन रकान्यांचा तक्ता येतो: एकीकडे घंटा, कुत्रा, बक्षीस; दुसरीकडे कृती, गटचर्चा, आनंददायी शिक्षण. 'सोदाहरण' या शब्दाचे उत्तर त्यात मिळत नाही. एकच वर्ग, एकच घटक आणि एकच चूक घेऊन दोन्ही विचार तिथे काय पाहतात हे दाखवले, तर फरक खरा कळतो. त्यासाठी आंतरवासितेतील एक प्रकरण इथे मांडतो. त्या पाठांचा मार्गदर्शक म्हणून मी वर्गात होतो. शाळेची आणि मुलांची ओळख काढून टाकली आहे.

पार्श्वभूमी

नाशिकच्या पंचवटी भागातली मराठी माध्यमाची शाळा. इयत्ता सहावी, घटक दशांश अपूर्णांक. शिकवणारी आमची एक छात्राध्यापिका, आणि तिच्यासोबत वर्गाच्या नेहमीच्या गणिताच्या बाई. मुले बेरीज-वजाबाकी ठीक करत होती, पण लहान-मोठेपणा ठरवताना अडत होती. ३.४ आणि ३.१५ यांत मोठी संख्या कोणती, यावर निम्म्याहून अधिक वर्गाने ३.१५ ला गोल केला होता.

याचे कारण मुलांच्या तोंडीच होते. ती संख्या "तीन पॉइंट पंधरा" अशी वाचत. पंधरा चारापेक्षा मोठे, म्हणून ३.१५ मोठी. पूर्ण संख्यांचा नियम त्यांनी चिन्हाच्या उजवीकडे जसाच्या तसा नेला होता. गणित शिक्षणाच्या अभ्यासात ही चूक प्रसिद्ध आहे. तिला 'जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी' असे म्हणता येईल.

ही चूक इतके दिवस लपून कशी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. पैशांत आपण ३.४० आणि ३.१५ असे लिहितो, म्हणजे दोन्हीकडे दोनच अंक. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० आणि ०.५०० दिसते, दोन्हीकडे तीन अंक. अंक सारखे असले की चुकीच्या नियमानेही उत्तर बरोबरच येते. वर्गातल्या एका मुलीच्या घरची फळांची गाडी होती. रोज काटा वाचूनही तिचा नियम कधी अडला नव्हता, कारण काट्याने तिला अडण्याची वेळच आणली नव्हती.

पहिला निर्णय : कार्डांचा सराव

छात्राध्यापिकेने पहिला उपाय वर्तनवादी मांडणीतून निवडला आणि तो मनापासून केला. तिने कृती तीन छोट्या पायऱ्यांत तोडली: चिन्हानंतरचे अंक मोजा, कमी असतील तिथे शून्य जोडून अंक सारखे करा, मग तुलना करा. म्हणजे ३.४ चे ३.४० झाले की ४० आणि १५ यांची तुलना उरते. प्रत्येक कार्डावर दोन संख्या, मागे उत्तर. मुलाने उत्तर सांगायचे, लगेच कार्ड उलटून पाहायचे. बरोबर आले की वहीत तारा, चुकले की आधीच्या पायरीवर परत.

यामागे नेमका विचार आहे. थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम सांगतो की ज्या प्रतिसादामागून समाधान मिळते तो उद्दीपकाशी घट्ट जोडला जातो. स्किनर त्यापुढे गेला. १९५३ मध्ये तो आपल्या मुलीच्या चौथीच्या अंकगणिताच्या वर्गात जाऊन बसला होता. आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना तिथल्या तिथे कळत नाही आणि सगळ्यांना एकाच वेगाने जावे लागते, या दोन गोष्टी त्याला खटकल्या. १९५४ च्या लेखात त्याने छोट्या पायऱ्या, तात्काळ प्रतिपुष्टी आणि प्रत्येकाचा स्वतःचा वेग यांचा आग्रह धरला. त्यातूनच अध्यापन यंत्रे आणि क्रमान्वित अध्ययन पुढे आले. कार्ड उलटून पाहण्याची छात्राध्यापिकेची युक्ती याच विचारातली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण उत्तरपत्रिकांत ती सर्रास चुकते. "वर्तनवादात विद्यार्थी निष्क्रिय असतो" हे वाक्य स्किनरला लागू पडत नाही. साधक अभिसंधानात प्रबलन मिळण्यासाठी आधी विद्यार्थ्याने प्रतिसाद द्यावा लागतो. त्या तासांत वर्गातले एकही मूल नुसते बसून नव्हते. फरक निष्क्रिय-सक्रिय हा नाही.

काही तासांत जवळजवळ सगळ्यांच्या वह्यांत तारे भरले. कार्ड दिसताच उत्तर येऊ लागले. वर्गाच्या बाईंना घटक संपल्यासारखे वाटले, आणि वह्या पाहून तसे वाटणे साहजिकच होते.

अडचण

घटक चाचणीत प्रश्न आला: चढत्या क्रमाने लिहा: ३.४, ३.१५, ३.४५. योग्य क्रम ३.१५, ३.४, ३.४५. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी लिहिले: ३.१५, ३.४५, ३.४. त्यांत एक मुलगी होती, तिला आपण 'क' म्हणू. तिच्या वहीत एकही तारा कमी नव्हता.

छात्राध्यापिकेने तिला जवळ बसवून विचारले, "हे कसं ठरवलंस गं?"

"बाई, ज्याला आकडे कमी, तो मोठा. कार्डांवर तसंच होतं ना."

आम्ही कार्डे काढून पाहिली. मुलीचे म्हणणे अगदी खरे होते. मूळ चूक 'अंक जास्त ती संख्या मोठी' ही असल्यामुळे, ती मोडायला असमान अंकांच्या सगळ्या जोड्या उलट निवडल्या गेल्या होत्या: ३.४ आणि ३.१५, ०.५ आणि ०.२५, २.७ आणि २.६३, ४.८ आणि ४.३२५. प्रत्येक जोडीत कमी अंकांची संख्याच मोठी. ३.४ आणि ३.४५ यांसारखी जोडी एकही नव्हती. शून्य जोडण्यापेक्षा अंक मोजून मोकळे होणे सोपे, आणि तारा तर दोन्ही मार्गांनी मिळत होता. मुलांनी मधली पायरी गाळली आणि एक चुकीचा नियम जाऊन त्याच्या जागी दुसरा आला.

दोन्ही विचारांतला फरक मला या एका जागी सर्वांत स्वच्छ दिसतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

वर्तनवादी याचे वर्णन असे करेल: उद्दीपकांची निवड सदोष होती. प्रतिसादावर स्थानिक किमतीचा ताबा यायला हवा होता, तो अंकांच्या संख्येचा आला. प्रबलन त्याच संकेताला मिळत गेले, म्हणून तोच बळकट झाला. सिद्धांत इथे हरलेला नाही. त्याने सांगितले होते तेच घडले, फक्त प्रबलन भलत्या गोष्टीला पोचले. उपाय: दोन्ही तऱ्हेच्या जोड्या मिसळा म्हणजे भेदबोध होईल.

रचनावादी म्हणेल: 'क'ने समोर आलेल्या सगळ्या कार्डांचा अर्थ लावून एक नियम तयार केला. तो नियम तिच्या तोवरच्या प्रत्येक अनुभवाशी जुळत होता, म्हणून तिच्या दृष्टीने तो टिकाऊ होता. तिने शिकवलेले 'घेतले नाही' असे म्हणता येत नाही, तिने त्यातून स्वतःचे काही रचले. ही चूक म्हणजे तिच्या विचाराची सुसंगत खूण. उपाय: आधी तिचा नियम उघड करा, मग तो जिथे अडेल अशी परिस्थिती उभी करा.

दोघेही शेवटी ३.४ आणि ३.४५ ची जोडी समोर ठेवतील, हे लक्षात घ्या. वर्तनवाद्याला त्या जोडीतून बरोबर प्रतिसाद हवा आहे. रचनावाद्याला त्या जोडीवर मूल काय कारण देते ते ऐकायचे आहे. आणि उत्तर बरोबर आल्यावर पहिला पुढच्या पायरीकडे जातो, दुसरा "कसं काढलंस?" असे विचारतो.

पर्याय

चाचणीनंतर तीन मार्ग चर्चेत होते. वर्गाच्या बाईंचे मत होते की कार्डे सुधारून पुन्हा सराव घ्यावा. वेळ कमी लागेल आणि परीक्षेत गुण येतील. हे मत हलके नव्हते, कारण अभ्यासक्रमात अजून बरेच घटक उरले होते. दुसरा मार्ग, फळ्यावर संख्यारेषा काढून नीट समजावणे. तो छात्राध्यापिकेने सुरुवातीला एकदा केलाच होता. तेव्हा मुलांनी माना डोलावल्या आणि पुन्हा "पॉइंट पंधरा" म्हटले. तिसरा मार्ग, मुलांचे नियमच वर्गापुढे आणून त्यांची टक्कर घडवणे.

छात्राध्यापिकेने तिसरा मार्ग आधी आणि सुधारलेली कार्डे नंतर, असे ठरवले. माझी सहमती होती. क्रम उलटा ठेवला असता, तर नव्या कार्डांवर मुलांनी आणखी एखादी पळवाट शोधली असती आणि ती आम्हाला कदाचित दिसलीही नसती.

साहित्यावरून मात्र बराच खल झाला. तिला द्राक्षांची वजने घ्यायची होती. नाशिकच्या मुलांना ती ओळखीची, आणि पाठ निरीक्षणात 'परिसराशी संबंध' या मुद्द्याला गुणही असतात. पण काटा सगळीकडे तीनच अंक दाखवतो, म्हणजे नेमकी जी गोष्ट उघडी पडायला हवी ती तो झाकतो. सेंटीमीटरच्या मोजपट्टीचेही तेच: ०.१५ मीटर म्हणजे १५ सेमी, ०.४ मीटर म्हणजे ४० सेमी, की दशांश गायब होऊन पूर्ण संख्या उरतात. शेवटी खुणा नसलेली एक मीटर लांबीची कागदी पट्टी, तिच्या दहाव्या भागाएवढे हिरवे तुकडे आणि शंभराव्या भागाएवढे पांढरे तुकडे, एवढेच साहित्य ठरले.

प्रत्यक्ष तास

तासाची सुरुवात अंदाजाने झाली. ०.४, ०.१५ आणि ०.४५ यांतली सर्वांत लांब पट्टी कोणती, हे प्रत्येकाने कारणासह चिठ्ठीवर लिहून द्यायचे. तुकड्यांना हात लावण्याआधी लिहायचे, ही अट महत्त्वाची होती. नुसते तुकडे मांडले की मुले उत्तर पाहतात आणि "मला हेच वाटलं होतं" म्हणतात. मग आपला नियम अडला हे त्यांना जाणवतच नाही.

चिठ्ठ्या फळ्यावर लागल्या तेव्हा वर्गात दोन बाजू उभ्या राहिल्या. 'क' आणि तिच्या बाजूची मुले म्हणत होती ०.४ सर्वांत मोठी. 'ख' नावाने आपण ओळखू तो मुलगा, ज्याच्यावर कार्डांचा काही परिणाम झाला नव्हता, अजून जुन्याच नियमावर होता. तो म्हणत होता ०.४५ सर्वांत मोठी, ०.१५ तिच्या खालोखाल आणि ०.४ सर्वांत लहान. गंमत अशी की सर्वांत मोठी संख्या 'ख'ने बरोबर सांगितली होती, पण नियम चुकीचा होता. नुसत्या उत्तराला तारा दिला असता तर तो इथे 'ख'ला मिळाला असता.

मग मांडणी. 'ख'च्या गटाने ०.१५ साठी पंधरा हिरवे तुकडे घेतले आणि पट्टीवर लावायला सुरुवात केली. दहा तुकड्यांत पट्टी संपली आणि पाच हातात उरले. गटातली एक मुलगी म्हणाली, "अरे, हे तर एकच्या पुढे चाललं. आणि आपल्या आकड्यात आधी शून्य आहे." 'ख' काही वेळ तुकडे पुढे-मागे करत राहिला. त्याने पट्टी छोटी कापली गेली असावी असेही म्हणून पाहिले.

हाच पियाजेच्या भाषेतला असमतोल. नवी गोष्ट जुन्या चौकटीत बसवणे म्हणजे सात्मीकरण. 'पट्टीच छोटी असेल' हा त्याच प्रकारचा शेवटचा प्रयत्न. ती बसत नाही म्हणून चौकटच बदलणे म्हणजे समायोजन. ते त्या क्षणी अजून व्हायचे होते.

छात्राध्यापिका तेव्हा गटाजवळ गेली आणि एकच प्रश्न विचारला: "पंधरातला एक कोणता तुकडा आहे, आणि पाच कोणता?" पहिला अंक दशांशाचा, दुसरा शतांशाचा, हे तिने सरळ सांगूनही टाकले, आणि ते योग्यच होते. चिन्हानंतरची पहिली जागा दशांशाची, हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे, तो तुकड्यांतून 'शोधून' सापडत नाही. ज्ञानरचनावाद म्हणजे शिक्षकाने काहीच सांगायचे नाही, हा समज इथे टिकत नाही. संकेत सांगावा लागतो. तो संख्येच्या आकाराशी जोडणे मात्र मुलालाच करावे लागते. गटाने एक हिरवा, पाच पांढरे मांडले. शेजारी चार हिरवे. मग चार हिरवे आणि पाच पांढरे.

'क'चा नियम इथे अडला. चार हिरव्यांपुढे पाच पांढरे जोडल्यावर पट्टी छोटी होणे शक्यच नव्हते. ती म्हणाली, "आकडे वाढले तर थोडं वाढतंच. पण आधी हिरवे बघायचे." 'आधी हिरवे बघायचे' हे वाक्य पुढे पूर्ण वर्गात फिरले.

वायगॉट्स्कीचा विचार या भागाला लागू होतो. 'ख' एकट्याने अडला असता. गटातल्या मुलीचे वाक्य आणि बाईंचा प्रश्न यांच्या मदतीने तो पुढे गेला. एकट्याने जमते ते आणि मदतीने जमते ते यांमधले अंतर म्हणजे निकट विकासाचे क्षेत्र. मुलाला जेवढी लागते तेवढीच मदत द्यायची आणि जमू लागले की काढून घ्यायची, याला वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये स्कॅफोल्डिंग हे नाव दिले. पुढच्या गणितांना छात्राध्यापिकेने आधी तुकडे काढून घेतले, मग फक्त चित्र ठेवले आणि शेवटी नुसत्या संख्या.

काय निष्पन्न झाले

नंतर सुधारलेली कार्डे वापरली. त्यांत दोन्ही तऱ्हेच्या जोड्या होत्या, शिवाय ०.७ आणि ०.०७, ०.४ आणि ०.४० अशाही. मुलांचा वेग लवकर परत आला. शून्य जोडण्याची युक्तीही मुले पुन्हा वापरू लागली. आता विचारल्यावर बरीच मुले सांगत होती की शून्य जोडले तरी हिरवे तेवढेच राहतात.

मग छात्राध्यापिकेने कधीही न शिकवलेला प्रश्न घातला: ३.४ आणि ३.५ यांच्या मधली एक संख्या लिहा. बहुतेकांनी ३.४५ किंवा ३.४१ लिहिली. एका मुलाने लिहिले, "मध्ये काही नाही." कारण विचारल्यावर म्हणाला, "तीन पॉइंट चार ओव्हरनंतर तीन पॉइंट पाचच येते, मध्ये बॉलच नाही." षटकांतला पॉइंट सहाच्या हिशेबाने चालतो, ३.५ नंतरच्या चेंडूवर षटक पूर्ण होऊन ४ येतात. मुलाने आणखी एक अनुभव सुसंगतपणे वापरला होता. कार्डांच्या सरावात हे कधीच वर आले नसते, कारण तिथे दिलेल्या दोन संख्यांतून एकच निवडायची होती.

सगळेच सुधारले असे नाही. एका गटातली दोन मुले पट्ट्या मांडल्यावरही म्हणाली, "पट्टीवर असं असतं, पण गणितात आकड्यांवरूनच बघतात." त्यांनी विसंगती सोडवली नाही, दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली. तास संपत आल्यामुळे त्यांच्याकडे पुरेसे लक्ष देता आले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच चाचणीत दोन्ही तऱ्हेच्या जोड्या आणि शेजारी 'कारण' लिहायला एक ओळ दिली असती, तर 'क'चा नियम फार आधी दिसला असता. त्यासाठी कुठल्याही वादाची बाजू घ्यावी लागत नाही. गट सहा-सात जणांचे होते. त्यांत दोघे बोलत आणि बाकीचे बघत. तीन-चार जणांचे गट हवे होते. आणि त्या दोन मुलांसाठी संख्येवरून पट्टी आणि पट्टीवरून संख्या अशी दुहेरी कामे हवी होती. आपण फक्त एकाच दिशेने गेलो होतो.

पेपरात हे प्रकरण कसे वापरावे

उत्तरात तक्ता द्यायचाच असेल तर शेवटी द्या. आधी ३.१५, ३.४५, ३.४ हा चुकीचा क्रम लिहा आणि त्याच एका चुकीचे दोन अर्थ लावून दाखवा: वर्तनवादात चुकीच्या संकेताला मिळालेले प्रबलन, रचनावादात उपलब्ध अनुभवांतून रचलेला नियम. मग तीन प्रश्नांवर फरक आणा: अध्ययन झाले हे कशावरून ओळखायचे, चूक म्हणजे काय, आणि शिक्षकाने पुढचे पाऊल कशावरून ठरवायचे. पियाजे असमतोलाच्या प्रसंगापाशी, वायगॉट्स्की मुलीच्या वाक्यापाशी आणि बाईंच्या प्रश्नापाशी. नावे अशी प्रसंगाला बांधली की परीक्षकाला ती पाठ केलेली वाटत नाहीत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ज्ञानरचनावादी भूमिका घेतो, हे एका वाक्यात सांगता येईल.

जागा उरली तर अर्लवँगरचा १९७३ चा अभ्यास जोडा. बेनी नावाचा सहावीतला मुलगा क्रमान्वित गणित कार्यक्रमात चांगल्या गुणांनी पुढे सरकत होता. मुलाखतीत कळले की त्याच्या हिशेबी २/१० म्हणजे १.२ होते, आणि असे स्वतःचे कितीतरी नियम तो सांभाळून होता. पंचवटीतल्या 'क'ची गोष्ट तीच आहे, फक्त कार्डे साधी होती.

मात्र "वर्तनवादी पद्धत फसली आणि रचनावादी यशस्वी झाली" असा निष्कर्ष या प्रकरणावरून काढू नका. पट्ट्यांच्या तासाला बसलेल्या मुलांना शून्य जोडण्याचा सराव आधीच झालेला होता. शेवटच्या यशातला वेग सुधारलेल्या कार्डांमुळे आला. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता. चुकीचा नियम कुठे लपतो आणि तो उघड करायला कोणता प्रश्न लागतो, एवढे हे प्रकरण दाखवते.